जिगसॉमध्ये तज्ज्ञ गटाने प्रश्न कसे तयार करायचे: आठवीच्या ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’ या धड्यावरची आखणी

मोठा धडा वर्गात वाटून द्यायचा, प्रत्येक भागावर एक तज्ज्ञ गट बसवायचा आणि मग त्या मुलांनी आपापल्या मूळ गटात जाऊन तो भाग शिकवायचा, ही जिगसॉची रचना बहुतेक शिक्षकांना प्रशिक्षणातून माहीत असते. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ती पहिल्यांदा वापरली. तिथल्या शाळांमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांनी एकमेकांवर अवलंबून राहावं असा त्यामागचा विचार होता. त्यासाठी प्रत्येकाला फक्त आपल्या भागाचा कागद मिळायचा. शेजाऱ्याचं नीट ऐकल्याशिवाय बाकीचा धडा कळणारच नव्हता.

आपल्याकडे मात्र पाठ्यपुस्तक प्रत्येकाच्या दप्तरात असतं. त्यामुळे तज्ज्ञ मूळ गटात येतो, वही उघडतो आणि उतरवून आणलेले मुद्दे वाचून दाखवतो. समोरची तिघं पुस्तकात तेच पान काढून बसतात. शिकवणं होत नाही, दुहेरी वाचन होतं. याचा उगम तज्ज्ञ गटात आहे. ‘नीट वाचा आणि मुद्दे काढा’ एवढंच सांगितलं, तर मुलं मुद्देच काढणार. त्याऐवजी ‘तुमचा भाग समोरच्याला कळला की नाही हे ज्यातून समजेल असे चार प्रश्न तयार करा’ हे काम दिलं की मुलं तोच मजकूर वेगळ्या नजरेने वाचतात. हे चार प्रश्न कोणते, ते मुलांकडून कसे काढून घ्यायचे आणि मूळ गटात कसे वापरायचे, ते इथे एका धड्यावर दाखवते.

धडा आणि गट

हा धडा निवडायचं कारण असं की त्यात १९४६ ते १९६० अशी कारणांची साखळी आहे. दुसरा भाग कळला नाही तर तिसरा हवेत राहतो. अशा धड्यांमध्ये जिगसॉ फसण्याची शक्यता जास्त असते आणि प्रश्न चांगले असतील तर फायदाही इथेच सर्वाधिक दिसतो. मी त्याचे चार भाग करते.

पहिला भाग मागणीच्या सुरुवातीचा: मे १९४६ मधलं बेळगावचं साहित्य संमेलन, त्याच वर्षी स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र परिषद, दार कमिशन आणि जे.व्ही.पी. समिती. दुसऱ्या भागात सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आणि राज्य पुनर्रचना आयोग येतात. तिसऱ्यात नोव्हेंबर १९५५ ते फेब्रुवारी १९५६: त्रिराज्य योजना, फ्लोरा फाउंटनजवळचा गोळीबार, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा आणि संयुक्त महाराष्ट्र समिती. चौथ्या भागात १ नोव्हेंबर १९५६ चं द्विभाषिक राज्य, १९५७ ची निवडणूक, प्रतापगडावरचं आंदोलन आणि १ मे १९६०.

चाळीस मुलांच्या वर्गात चार-चार जणांचे दहा मूळ गट होतात. म्हणजे प्रत्येक भागाला दहा तज्ज्ञ. दहा जणांचा एक गट बसवू नका, तिघं बोलतात आणि सात जण बघत बसतात. पाच-पाचचे दोन गट करा. हे दोन समांतर गट पुढे प्रश्न तपासायलाही उपयोगी पडतात. पाठ्यपुस्तकात एखादा दुवा त्रोटक असेल, तर त्या गटाला अर्ध्या पानाचं टिपण द्या. चौथ्या भागाला महागुजरात आंदोलनावरचं छोटं टिपण लागतंच. गुजराती भाषकांनाही वेगळं राज्य हवं होतं हे माहीत नसेल, तर द्विभाषिक का टिकलं नाही याचं अर्धंच कारण मुलांच्या हाती लागतं.

वेळ तीन तासिकांचा धरा: एक वाचून प्रश्न काढण्यासाठी, दुसरी प्रश्न तपासून उत्तरं तयार करण्यासाठी, तिसरी मूळ गटात शिकवण्यासाठी. दोन तासिकांत उरकायला गेलं की तपासणी गळते आणि कच्चे प्रश्नच मूळ गटात जातात.

आधी वाचन, मग पुस्तक बंद

पहिल्या दहा मिनिटांत मुलं आपला भाग मनात वाचतात. मग पुस्तकं बंद करायची आणि एकेकाने दोन-तीन वाक्यांत सांगायचं की या भागाच्या सुरुवातीला परिस्थिती काय होती आणि शेवटी काय होती. हे आधी करून घेणं फार गरजेचं आहे, कारण पुस्तक उघडं असताना लिहिलेला प्रश्न पुस्तकातल्याच एखाद्या वाक्याची मोडतोड करून बनतो. पुस्तक बंद असताना मुलं अडखळतात आणि जिथे अडखळतात तिथेच चांगला प्रश्न लपलेला असतो. दुसऱ्या भागाची मुलं जवळजवळ दरवेळी ‘आयोगाने काय सुचवलं’ इथे अडतात. सांगताना ती म्हणतात, ‘आयोगाने संयुक्त महाराष्ट्र दिला नाही.’ मग काय दिलं, यावर गप्प. हे अडखळणं गटातल्या एकाने कागदावर टिपून ठेवायचं.

चार प्रश्न, चार वेगळी कामं

प्रत्येक गटाने चारच प्रश्न करायचे. दहा प्रश्न करायला सांगितले की आठ तारखांचे येतात. या चार प्रश्नांना मी वर्गात सरळ कामावरून नावं दिली आहेत: उघडणारा, कारणाचा, पडताळ्याचा आणि सांध्याचा.

उघडणारा प्रश्न शिकवायला सुरुवात करण्याआधी विचारायचा. ऐकणाऱ्याला त्याचं उत्तर धड्यातून माहीत नसतं, पण अंदाज करता आला पाहिजे. दुसऱ्या भागासाठी असा प्रश्न चांगला चालतो: ‘विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन मुंबई सोडून नागपूरला का भरतं?’ बातम्यांत मुलांनी हे ऐकलेलं असतं. कुणी म्हणतं तिथे थंडी असते म्हणून, कुणी म्हणतं विदर्भ लांब आहे म्हणून. दुसऱ्या उत्तराला धरून तज्ज्ञ नागपूर करारावर येतो. विदर्भ आणि मराठवाडा संयुक्त महाराष्ट्रात यावेत यासाठी तिथल्या लोकांना काही आश्वासनं द्यावी लागली आणि वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला भरवणं हे त्यातलंच एक. आता करार ही पाठ करायची तारीख राहत नाही.

कारणाचा प्रश्न हा त्या भागाचा कणा. यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायला हवा, म्हणून तो जरा सविस्तर पाहू.

एक प्रश्न घडताना

तिसऱ्या भागाच्या गटात पहिला प्रश्न हमखास असा येतो: ‘संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना केव्हा व कोठे झाली?’ इथे मी मुलांना बोटाची कसोटी लावायला सांगते. पुस्तक उघडा, प्रश्न वाचा आणि उत्तराच्या ओळीवर बोट ठेवून पाहा. एकाच ओळीवर बोट ठेवून उत्तर मिळालं तर तो प्रश्न शिकवायच्या कामाचा नाही. इथे मिळतं: ६ फेब्रुवारी १९५६, पुणे.

मुलं मग ‘केव्हा’ खोडून ‘का’ लिहितात: ‘संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना का झाली?’ प्रश्न मोठा दिसतो, पण उत्तर नावातच आहे: संयुक्त महाराष्ट्र मिळवण्यासाठी. हे उत्तर धडा न वाचलेला मुलगाही देईल. म्हणून दुसरी कसोटी अशी की आपला भाग न वाचलेल्या माणसाला केवळ प्रश्नावरून उत्तर देता येतं का? येत असेल तर प्रश्न परत करा.

याच्या पुढे जायला गटाला एक ढकल लागते. मी एवढंच विचारते की याआधी या कामासाठी कुठली संस्था नव्हती का? पहिल्या भागात परिषद होती, हे धडा चाळलेल्या एखाद्या मुलीला आठवतं. मग तिच्या तोंडून प्रश्न येतो: ‘परिषद १९४६ पासून होतीच, मग १९५६ मध्ये वेगळी समिती काढायची गरज कुणाला आणि कशामुळे पडली?’

या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिसऱ्या भागातल्या चार गोष्टी क्रमाने जोडाव्या लागतात. महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई अशी त्रिराज्य योजना पुढे आली. तिच्याविरुद्ध २१ नोव्हेंबर १९५५ ला निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधानांनी मुंबई केंद्रशासित करणार असल्याचं जाहीर केलं. परिषदेचे अध्यक्ष शंकरराव देव काँग्रेसचे होते आणि परिषदेचा भर वाटाघाटींवर होता. महाराष्ट्रातले काँग्रेसचे नेते पक्षाचा निर्णय मोडून रस्त्यावर यायला तयार नव्हते. तेव्हा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन अशा एरवी न पटणाऱ्या पक्षांनी एकत्र येऊन समिती काढली. एका प्रश्नाने मुलांना घटना, त्यांचा क्रम आणि माणसांच्या भूमिका हे सगळं हाताळायला लावलं.

‘कुणाला’ हा शब्द मुद्दाम ठेवायला सांगा. नुसत्या ‘का’ला मुलं एक कारण देऊन मोकळी होतात. ‘कुणाला आणि का’, ‘कुणाला नको होतं आणि का’ असं विचारलं की इतिहासातली माणसं समोर येतात. विज्ञानाच्या धड्यात याच जागी ‘कशामुळे आणि ते झालं नाही तर पुढे काय अडेल’ असा साचा वापरता येतो.

तारखा आणि नावं टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती शिकवताना सांगायची, उत्तरात यायला हवीत असा आग्रह धरायचा. फक्त चार प्रश्नांपैकी एकही जागा त्यांच्यावर खर्च करायची नाही.

पडताळ्याचा प्रश्न: नेमकी चूक पकडणारा

शिकवून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. पडताळ्याच्या प्रश्नाने गैरसमज बाहेर यायला हवा. तो तयार करायला सोपी वाट आहे: वाचताना आपण स्वतः जिथे अडखळलो होतो ते टिपण काढायचं आणि त्यावर प्रश्न करायचा.

दुसऱ्या भागाचं टिपण आठवा, आयोगाने काय सुचवलं इथे मुलं अडली होती. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये जाहीर झाला. मराठी आणि गुजराती भाषकांचं एक द्विभाषिक मुंबई राज्य करावं, मराठवाडा त्यात घ्यावा, पण विदर्भाचं वेगळं राज्य ठेवावं, अशी त्याची शिफारस होती. पडताळ्याचा प्रश्न असा बनतो: ‘आयोगाचं म्हणणं जसंच्या तसं मान्य झालं असतं, तर नागपूर, औरंगाबाद, मुंबई आणि अहमदाबाद ही शहरं कोणकोणत्या राज्यांत गेली असती?’ ऐकणाऱ्याने कोऱ्या नकाशात चार ठिपके दाखवून उत्तर द्यायचं. ज्याला कळलं नाही तो नागपूरला चुकतो आणि तज्ज्ञाला लगेच दिसतं की कुठे परत सांगायचं आहे.

या प्रकारात ‘झालं असतं तर’ वापरताना एक जपायला हवं. ‘मुंबई महाराष्ट्राला मिळाली नसती तर काय झालं असतं?’ यावर वर्ग अर्धा तास बोलेल, पण बरोबर-चूक ठरवायला धड्यात आधार नाही. ‘तर’चं उत्तर धड्यातल्या मजकुरावरून निघत असेल तेव्हाच तो पडताळा.

सांध्याचा प्रश्न

चौथा प्रश्न आपल्या भागाचा असतो, पण त्याचं पूर्ण उत्तर दुसऱ्या कुणाचं तरी ऐकल्याशिवाय देता येत नाही. सगळ्यांच्या हाती पुस्तक असताना मूळ जिगसॉमधलं परस्परावलंबन परत आणायची ही खात्रीची जागा. आपला भाग तयार करताना मुलांना दुसऱ्या भागाची गरज कुठे भासली, ते विचारा. ‘हे आधी कसं होतं?’ किंवा ‘याचं पुढे काय झालं?’ असं जिथे वाटतं तिथे सांधा असतो.

दुसरा आणि चौथा भाग जोडणारा एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो: ‘आयोगाने सुचवलेलं द्विभाषिक आणि १ नोव्हेंबर १९५६ ला प्रत्यक्षात आलेलं द्विभाषिक यांत फरक काय?’ मुलं ही दोन्ही एकच समजतात, कधी कधी मोठेही. प्रत्यक्ष राज्यात विदर्भही आला. हा फरक लक्षात आला की पुढचा सांधा आपोआप येतो: १९५७ च्या निवडणुकीत समितीला पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत मोठं यश मिळालं, तरी द्विभाषिकात सरकार काँग्रेसचं आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणच कसे राहिले? उत्तर नकाशात आहे. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांतल्या जागांनी बहुमत राखलं. पण निकालाने दिल्लीला दिसायचं ते दिसलं. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर पंतप्रधान शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हाच्या निदर्शनांनी ते आणखी ठळक केलं.

प्रत्येक भागाचा एक सांध्याचा प्रश्न म्हणजे मूळ गटात चार सांधे जमतात. आठवीच्या मुलांना एवढे पुरतात.

उत्तराची बाजू

प्रश्नाइतकंच उत्तर लिहून ठेवणं महत्त्वाचं. मूळ गटात तज्ज्ञ एकटा असतो आणि समोरच्याचं उत्तर ‘जवळपास बरोबर’ वाटलं की तो सोडून देतो. प्रत्येक प्रश्नामागे, कागदाच्या पाठीवर, तीन गोष्टी लिहायच्या: उत्तरात यायलाच हवेत असे दोन किंवा तीन मुद्दे, येण्याची शक्यता असलेलं अर्धवट उत्तर आणि ते आलं तर विचारायचा छोटा प्रश्न. समितीच्या प्रश्नाचं कार्ड साधारण असं दिसतं.

- यायलाच हवं: मुंबई वेगळी करण्याचा निर्णय; काँग्रेसचे नेते पक्षाबरोबर राहिले; इतर पक्ष एकत्र आले.
- अर्धवट उत्तर: ‘गोळीबार झाला म्हणून.’
- तेव्हा विचारायचं: ‘गोळीबार नोव्हेंबरमध्ये झाला, समिती फेब्रुवारीत. मध्ये काय घडलं?’

तिसरी ओळ मुलांना जड जाते. तिथे शिक्षकाने गटात बसून एक नमुना तोंडी करून दाखवावा. अट एवढीच की त्या ओळीत उत्तर नसावं, उत्तराकडे बोट असावं.

उत्तरांचे मुद्दे दुसऱ्या तासिकेत तुम्ही स्वतः नजरेखालून घाला. तज्ज्ञच चुकीचं शिकला तर ती चूक दहा गटांत पोहोचते आणि नंतर ती काढणं कठीण जातं. प्रश्नांची भाषा मुलांची राहू द्या, सुधारू नका. तथ्य मात्र सुधारा.

समांतर गटांची अदलाबदल

एकाच भागाचे दोन गट दुसऱ्या तासिकेच्या सुरुवातीला आपापले प्रश्न बदलून घेतात, उत्तरांची बाजू झाकून. प्रश्न सोडवताना प्रत्येक प्रश्नावर एक खूण करायची: प्रश्न कळला नाही, बोट ठेवून उत्तर मिळालं किंवा विचार करावा लागला. ‘कळला नाही’ ही खूण सर्वात कामाची. एकाच प्रश्नात ‘आणि’ने तीन प्रश्न जोडलेले असतात, किंवा ‘त्यांनी असं का केलं’ यातलं ‘त्यांनी’ म्हणजे कोण हेच लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहून गेलेलं असतं. मग दोन्ही गट मिळून चार प्रश्नांचा एक संच पक्का करतात आणि प्रत्येक जण तो आपल्या हाताने उतरवतो. झेरॉक्स देऊ नका. उतरवताना प्रश्न तोंडात बसतो.

मूळ गटात

एका तज्ज्ञाला सहा मिनिटं. उघडणाऱ्या प्रश्नाला एक, मग साधारण तीन मिनिटं सांगणं, त्यातच मध्यावर कारणाचा प्रश्न, शेवटी पडताळा. सांगताना हातात प्रश्नांचा कागद चालेल, वही आणि पुस्तक नाही. क्रम धड्याचाच ठेवा, या धड्यात उलटसुलट चालत नाही. सांध्याचा प्रश्न तेव्हा विचारायचा नाही. तो गटाच्या मधल्या कागदावर लिहून ठेवायचा. चौघांचं झालं की उरलेल्या दहा-बारा मिनिटांत चारही सांधे एकेक करून सोडवायचे. उत्तराची सुरुवात प्रश्न आणणाऱ्याने नाही, दुसऱ्या भागाच्या तज्ज्ञाने करायची.

फिरताना माझं लक्ष एका खुणेवर असतं: बोलताना तज्ज्ञ समोरच्याकडे बघतोय की कागदाकडे. कागदाकडे बघत असेल तर थांबवून उघडणारा प्रश्न पुन्हा विचारायला सांगते. दुसरी खूण म्हणजे फार शांत गट. तिथे बहुधा पुस्तकातून उत्तरं उतरवणं चाललेलं असतं.

गैरहजेरीची सोय आधीच हवी. तिसऱ्या दिवशी एखाद्या गटाचा तज्ज्ञ आला नाही, तर त्या गटाने शेजारच्या गटातल्या त्याच भागाच्या तज्ज्ञाकडे सहा मिनिटांपुरतं जाऊन बसायचं. त्याच्याकडे तोच संच असल्याने काही अडत नाही. बोलायला बिचकणाऱ्या मुलाला तज्ज्ञ गटातच उघडणारा आणि पडताळ्याचा प्रश्न दोनदा मोठ्याने विचारून बघायला द्या. मधलं सांगणं तोकडं पडलं तरी या दोन प्रश्नांवर त्याची सहा मिनिटं निभावतात.

शेवटी प्रत्येकाने एकट्याने लिहायची छोटी चाचणी, चार प्रश्नांची. मुलांच्याच संचांतून निवडा, पण प्रत्येकाला आपला सोडून उरलेल्या तीन भागांवरचे तीन आणि एक सांध्याचा. कार्डामागचे ‘यायलाच हवं’ मुद्दे हीच गुणदानाची चौकट. एखाद्या भागाच्या प्रश्नावर साऱ्या वर्गाचे गुण पडले, तर तज्ज्ञांना दोष देण्याआधी तो संच काढून वाचा. बहुतेक वेळा कारणाच्या प्रश्नाच्या जागी तारखेचा प्रश्न शिरलेला सापडतो, आणि पुढच्या दिवशी तेवढाच भाग फळ्यावर दहा मिनिटांत घेता येतो.